आई ‘टाक’ म्हणाली होती, मग ‘काढ’ म्हणाली

ताई, आईची पंचाहत्तरी झाली. त्यानिमित्ताने तिचा एक जुना फोटो फेसबुकवर टाकला. चाळीतल्या खोलीत स्टोव्हपाशी, मोठ्या पितळी पातेल्याजवळ ती बसलीय. खाली लिहिलं: ‘८२ च्या संपात गिरणी बंद पडली. बाबा दोन वर्षं घरी बसून होते. आईने लोकांच्या पोळ्या लाटून आम्हा भावंडांना शिकवलं. आज तिची पंचाहत्तरी. साष्टांग दंडवत.’ आधी तिला फोटो दाखवला होता, काय लिहितोय तेही सांगितलं होतं. ‘टाक’ म्हणाली. चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला आणि आईने धोशा लावला, ‘आत्ताच्या आत्ता काढ. मी कुणाच्या पोळ्या लाटायला जात नव्हते, माझी खाणावळ होती. आणि तुझे बाबा घरी बसले नव्हते.’ साडेतीनशे लाइक आलेत. लोकांनी भरभरून लिहिलंय. एका जुन्या शेजाऱ्यांनी तर ‘तुमच्या बाबांच्या सायकलला लटकवलेले डबे अजून डोळ्यांसमोर आहेत’ असं लिहिलंय. व्हॉट्सअॅपच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकलं होतं. नुसती ती ओळ बदलली तर नाही का चालणार? काढली तर लोकांना काय सांगू? आणि मी विचारलं होतं, त्याचं काय?
— एक वाचक, डोंबिवली

आधी पोस्ट आड करा, मग पुढचं वाचा. दोन मिनिटांचं काम आहे. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा, Edit audience मध्ये जा आणि Only me निवडा. आता ती फक्त तुम्हाला दिसेल. ज्यांनी तुमची पोस्ट Share करून पुढे पाठवली असेल, त्यांच्याकडेही ती उघडणार नाही. मग फोन आईच्या हातात द्या आणि सांगा, ‘बघ, आता कुणाला दिसत नाही. दोन दिवसांत कायमची पुसतो.’ हे दुसरं वाक्य गाळू नका. नुसतं आड करून ‘काढली’ म्हणालात आणि महिन्याभराने तुमच्या बहिणीने किंवा भावाने तुमच्या फोनमध्ये ती पाहिली, तर पुढच्या वेळी आई तुम्हाला फोटोसुद्धा दाखवणार नाहीत.

लगेच पुसून का टाकायची नाही, ते सांगते. पोस्ट गेली की तिच्याखालचं लोकांनी लिहिलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. तुमच्या बाबतीत त्या साडेतीनशे लाइकना फारशी किंमत नाही, पण खालच्या मजकुराला आहे. का, त्याकडे येतेच. Only me केल्यावर तो मजकूर तुम्हाला दिसत राहतो. एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि चाळीतल्या माणसांनी जे लिहिलंय तेवढं उतरवून घ्या. मग Move to trash. तिथे पोस्ट तीस दिवस पडून राहते आणि मग आपोआप जाते. तेवढंही थांबायचं नसेल, तर ट्रॅशमध्ये जाऊन तिथूनही पुसता येते. आई तिष्ठत बसल्या असतील तर थांबू नका, त्यांच्यासमोरच पुसा.

ओळ बदलण्याचं म्हणाल, तर तो मार्ग दिसायला सोपा आहे, पण फेसबुकवर तो उलटतो. मजकूर दुरुस्त केला की त्या पोस्टच्या तीन टिंबांत View edit history येतं. ज्याला पोस्ट दिसते, त्याला तिथे आधीचा मजकूर जसाच्या तसा वाचता येतो. म्हणजे ‘बाबा घरी बसून होते’ हे वाक्य जाणार नाहीच, वर ‘बदललं का बरं?’ असं कुतूहल चाळवेल. तुमच्या आत्यांना हे माहीत नसेल, त्यांच्या नातवाला नक्की माहीत असेल. स्पेलिंग चुकलं, तारीख चुकली, तर खुशाल दुरुस्त करावं. माणसाला लागेल असं काही लिहून बसलो असू, तर जुनी पोस्ट पूर्ण काढायची आणि लिहायचंच असेल तर नवीन लिहायचं.

व्हॉट्सअॅपची गोष्ट जरा अवघड आहे. Delete for everyone ही सोय मेसेज पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसच असते. आत्यांचा फोन चौथ्या दिवशी आला, म्हणजे ते दार बंद झालंय. आता तुम्ही तो मेसेज पुसलात तर फक्त तुमच्या फोनमधून जाईल, आणि तुमची समजूत होईल की गेला. ग्रुपवर एकच साधी ओळ टाका: ‘आईबद्दल परवा जे टाकलं होतं त्यात माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलं, कृपया आपापल्या फोनमधून काढा, पुढे पाठवू नका.’ ज्यांनी मजकूर उचलून स्वतःच्या स्टेटसला किंवा वॉलवर टाकला असेल, त्यांना ग्रुपवर नाही, फोन करून सांगा. स्टेटस चोवीस तासांत आपोआप गेलं असेल. वॉलवरचं जात नाही. असे दोघं-तिघंच निघतील. कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर तो आपल्या हातात नाही, आणि हेही आईंना सांगून टाका. ‘सगळीकडून गेलं’ असं त्यांना सांगू नका, ते खरं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो खरं तर तुमचा पहिला आहे. तुम्ही विचारलं होतं.

मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर फोटोओळी लिहिल्या आहेत. त्या कामात एक गोष्ट अंगवळणी पडते: फोटोला मिळालेला होकार म्हणजे ओळीला मिळालेला होकार नव्हे. माणूस फोटो बघतो तेव्हा स्वतःकडे बघतो. केस नीट आहेत का, पदर सरकलाय का. ओळ ऐकताना तो लोकांकडे बघत असतो. तुम्ही आईंना फोटो दाखवलात आणि मजकूर ‘सांगितलात’. काय सांगितलंत? माझा अंदाज असा: ‘तू किती कष्ट केलेस, ते लिहितोय.’ त्यावर कुठली आई नको म्हणेल? ‘पोळ्या लाटून’ आणि ‘घरी बसून’ हे चार शब्द त्यांनी त्या वेळी ऐकलेच नसणार. त्यांनी ते पहिल्यांदा ऐकले आत्यांच्या तोंडून, म्हणजे बाबांच्या बहिणीच्या तोंडून. कुठल्या सुरात ते म्हटले गेले असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

आणि शब्द वेगळे आहेत हो. गिरणगावात ‘पोळ्या लाटायला जाणं’ म्हणजे दुसऱ्याच्या ओट्यापाशी उभं राहणं. ‘खाणावळ’ म्हणजे आपल्या चुलीशी लोकांनी येणं. एकीला पगार मिळतो. दुसरीला महिन्याचा हिशेब ठेवावा लागतो, उधारी वसूल करावी लागते, वाण्याला तोंड द्यावं लागतं. बायकामुलं गावी ठेवून आलेले कोकण-घाटावरचे हजारो कामगार या बायकांच्या हातचं जेवून गिरणीत जात होते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खाणावळवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. ज्या बाईने असा व्यवसाय केला, तिला पोटच्या मुलाने चारचौघांत ‘पोळ्या लाटणारी’ म्हणावं! तुम्ही गौरव म्हणून लिहिलंत, त्यांना ती पायरी उतरवल्यासारखी वाटली. घरकामाला जाणाऱ्या बायकांचा यात काही कमीपणा नाही, पण जे काम केलं ते जसं केलं तसं सांगितलं जावं, एवढीच त्यांची मागणी आहे.

बाबांच्या बाबतीत मात्र मला तुमची बाजू थोडी कळते. पंचाहत्तरी आत्ता झाली, म्हणजे संपाच्या वेळी आई तिशीच्या जरा पुढे आणि तुम्ही बहुधा शाळेत. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. शाळेतून आलेल्या मुलाला, एरवी पाळीला गेलेले किंवा पाळी करून झोपलेले असायचे ते वडील भरदिवसा खोलीत बसलेले दिसायला लागले. मुलाच्या डोक्यात तेच चित्र राहणार. ते खोटं नाही. पण ते दुपारी चारनंतरचं चित्र आहे. सकाळी दहा ते एक खोलीत काय चालायचं, ते तुम्ही पाहिलेलंच नाही.

आणखी एक बघा. संप लांबला तसे कामगार गावी निघून गेले. खाणावळीत जेवणारेच गेले म्हटल्यावर खाणावळ चालली कशी? ज्यांची उधारी होती तेही गेले. त्या दोन वर्षांत त्या पातेल्यात शिजवलेलं अन्न कुणाच्या तरी पोटात जात होतं, आणि ते कुणीतरी पोचवत होतं. तुमच्याच पत्रात त्याचं उत्तर आहे, तुम्ही ते कौतुकाचा नमुना म्हणून उतरवलंय आणि पुढे गेलाय. सायकलला लटकवलेले डबे. कुणाच्या सायकलला? ‘तुमच्या बाबांच्या.’ घरी बसलेल्या माणसाच्या सायकलला डबे कशाला लटकतील?

म्हणून म्हटलं, खालचा मजकूर पुसण्याआधी उतरवून घ्या.

माझीही एक फजिती सांगते, म्हणजे मी वरून बोलतेय असं वाटायला नको. भाचा स्पर्धा परीक्षा पास झाला. मी ग्रुपवर त्याचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘चौथ्या प्रयत्नात जिद्दीने यश.’ विचारलं होतं, पण बहिणीला. ती म्हणाली, छान लिहिलंयस. भाच्याने होणाऱ्या सासरी तिसरा प्रयत्न म्हणून सांगितलेलं. एक प्रयत्न त्याने पोटात ठेवला होता, तो मी उघडा केला. मी त्याला म्हणाले, ‘अरे, तुझ्या आईला विचारलं होतं मी.’ तो म्हणाला, ‘परीक्षा आईने दिली का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मेसेज पुसला. तेव्हा पुसण्याची मुदत शिल्लक होती, पण वीस जणांनी वाचून झालं होतं आणि त्याच्या सासूबाई त्या वीस जणांत होत्या.

तर विचारायचं कसं, ते. तुम्ही परत लिहिणार आहात, हे मी गृहीत धरतेय, कारण लिहिण्यासारखं आता खरोखर सापडलंय.

मजकूर आधी कागदावर किंवा फोनमध्ये पूर्ण लिहा, आणि आईंना शब्द न् शब्द वाचून दाखवा. ‘साधारण असं असं लिहिलंय’ नाही. चष्मा लावून त्यांनी स्वतः वाचला तर उत्तम, पण फोनवरची अक्षरं बारीक असतात आणि म्हातारी माणसं ‘वाचलं वाचलं’ म्हणून फोन परत देतात. मोठ्याने वाचलेलं कानाला टोचतं आणि टोचलं की चेहऱ्यावर दिसतं. वाचताना त्यांच्याकडे बघा. एखाद्या वाक्याला हात थांबला, नजर खिडकीकडे गेली, ‘हं’ जरा उशिरा आला, तर ते वाक्य काढा. कारण विचारायच्या भानगडीत पडू नका.

‘टाकू का?’ असं विचारू नका. या प्रश्नाला आईकडून ‘टाक’ हेच उत्तर येतं, कारण नाही म्हणणं म्हणजे मुलाचा हिरमोड. त्याऐवजी ‘यातलं कुठलं वाक्य काढू?’ असं विचारा. म्हणजे काढणं हे ठरलेलंच आहे, फक्त कुठलं ते सांगायचं, असं होतं आणि तोंड उघडणं सोपं जातं. पाहुणे बसलेले असताना विचारू नका, केक कापायच्या गडबडीत तर नाहीच. पंचाहत्तरीच्या दिवशी तुम्ही विचारलं असेल तर ते कुठल्या गडबडीत, हे मला डोळ्यांसमोर दिसतंय.

आणि कोण बघणार, ते नावानिशी सांगा. Public म्हणजे काय, हे त्यांना ‘सगळ्यांना दिसतं’ एवढ्याने कळणार नाही. ‘आत्याला दिसेल, आत्याच्या व्याह्यांना दिसेल, खालच्या मजल्यावरच्यांना दिसेल, माझ्या ऑफिसात दिसेल’ असं सांगा. मग त्या क्षणभर विचार करतील आणि जे बोलतील ते खरं उत्तर असेल. शक्य असेल तर एक रात्र जाऊ द्या. सकाळी चहाच्या वेळी त्या आपणहून म्हणतील, ‘ते अमुक नको हं लिहूस.’ हे रात्री कधीच आठवत नाही. त्यानंतर तुम्ही एक शब्द जरी वाढवलात, तरी तेवढा शब्द पुन्हा दाखवा. सगळं ठरल्यावर टाकताना जे सुचतं, तेच बहुतेक वेळा अंगाशी येतं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जास्त जपावं लागतं. पत्रावरून मला वाटतं, बाबा आता नाहीत. त्यांना तुम्ही विचारू शकत नाही, आणि त्यांच्या वतीने बोलणारं जगात एकच माणूस उरलंय. त्या माणसाने ‘काढ’ म्हटलं ते स्वतःसाठी निम्मं आणि त्यांच्यासाठी निम्मं. ‘आणि तुझे बाबा घरी बसले नव्हते’ हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. तुमचं लहानपण तुमचं आहे. फी भरायला उशीर झाला, दिवाळीला कपडे नव्हते, रॉकेलच्या रांगेत उभे राहिलात, हे तुम्ही लिहू शकता. त्याला आईंची परवानगी लागत नाही, कळवलंत तर बरं. पण फोटो त्यांचा, कष्ट त्यांचे आणि नवरा त्यांचा असेल, तर शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी कधीही मत बदललं तरी. आधी ‘टाक’ म्हटलं म्हणून नंतर ‘काढ’ म्हणायची सोय जात नाही, ती काही नोटरी केलेली कागदपत्रं नव्हेत.

लोक विचारतील त्यांना काय सांगायचं? ‘आईला आवडलं नाही’ असं सांगू नका. खरं असलं तरी नको. मग प्रत्येक जण आईंना फोन करून विचारणार, ‘काय हो, मुलाने एवढं कौतुकाने लिहिलं आणि तुम्ही काढायला लावलंत?’ आणि पंचाहत्तर वर्षांच्या बाईला दहा जणांना स्पष्टीकरण द्यावं लागणार. त्याऐवजी ‘माझ्याकडून काही चुकीचं लिहिलं गेलं होतं’ एवढंच सांगा. तेही खरंच आहे. काय चुकलं असं खोदून विचारलं तर ‘जुन्या गोष्टी, नीट माहीत नव्हत्या’ म्हणा आणि चहा मागवा. त्यावर वेगळी पोस्ट लिहून खुलासा मात्र करू नका. खुलाशाची पोस्ट मूळ पोस्टपेक्षा जास्त वाचली जाते, आणि ज्यांनी मूळ वाचली नव्हती ते ती शोधायला लागतात. आत्यांशी बोलायचं असेल तर एकट्याने बोला आणि ‘बाबांबद्दल मी चुकीचं लिहिलं’ हे स्वतःच्या तोंडाने सांगा. बहिणीला भावाबद्दल ते ऐकायचं असतं.

आईंपाशी दोन वाक्यं तोंडातून येऊ देऊ नका: ‘तूच टाक म्हणालीस’ आणि ‘अगं, लोकांनी किती कौतुक केलं’. पहिल्याने भांडण होईल. दुसऱ्याने त्या गप्प होतील, आणि तुम्हाला वाटेल पटलं.

पोस्ट आड केल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या. मग वही घेऊन आईंपाशी बसा आणि शेजाऱ्यांनी लिहिलेली ती सायकलची ओळ तेवढी वाचून दाखवा. बाकीची स्तुती नको. मग विचारा, डबे किती असायचे, कुठल्या बाजूला जायचे, पावसात काय करायचे. सायकल स्वतःची होती की भाड्याची, हेही. उत्तरं जशी येतील तशी त्यांच्या शब्दांत उतरवा. नवी ओळ त्यातूनच निघेल, आणि ती बहुधा तुम्ही लिहिलेल्या चारपेक्षा लहान असेल. काहीतरी असं: ‘आईची खाणावळ. संपात जेवणारे गावी गेले, तेव्हा आई डबे भरायची आणि बाबा सायकलवरून पोचवायचे.’ मी इथे अंदाजाने लिहिलंय, तुम्ही तसंच्या तसं उचलू नका. आईंनी एखादा शब्द बदलला तर तोच ठेवा, व्याकरण चुकलं तरी.

कदाचित त्या म्हणतील, फेसबुकवर नकोच, वहीत राहू दे. मग ती वही फोटोसकट त्यांच्या कपाटात ठेवा. आत्या घरी येतील तेव्हा ती त्या स्वतःच काढून दाखवतील.